फोटोत एक, दारात दुसरेच : दुकानदाराला तक्रारीचे पत्र कसे लिहावे?

बांदा हे महाराष्ट्राच्या टोकाचे गाव. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा सुरू. त्यामुळे बांदा आणि आसपासच्या गावांतील घरांची मोठी खरेदी सावंतवाडीइतकीच म्हापसा-पणजीलाही होते. हल्ली तर दुकानात जावेही लागत नाही. दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो, घरात चार जण बघतात, ॲडव्हान्स जातो आणि टेम्पो दारात येतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा टेम्पोतून उतरलेली वस्तू फोटोतली नसते. कंपनी तीच, रंग तोच, पण मॉडेल वेगळे.

अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर फोनवर भांडण होते, त्याचा पुरावा राहत नाही. नाही तर "जाऊ दे, चालतंय ना" म्हणून वस्तू वापरायला घेतली जाते आणि महिनाभराने तक्रार सुचते. या दोन्हींमध्ये आपला हक्क कसा हातचा जातो आणि एक पानी पत्र तो कसा वाचवते, हे आम्ही येथे एका उदाहरणावरून सांगत आहोत. उदाहरणातील घर, दुकान, मॉडेल आणि रकमा आम्ही कल्पिलेल्या आहेत. कायदा मात्र खरा आहे.

प्रकरण असे धरू

बांद्यातील एका घरात डिसेंबरमध्ये मुलीचा निकाह आहे. तिच्यासाठी फ्रीज घ्यायचा म्हणून आई म्हापशाच्या एका दुकानदाराशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलते. दुकानदार ५ नोव्हेंबर २०२५ रोजी फोटो पाठवतो. फोटोत फ्रीजच्या दारावर तीन ताऱ्यांचे लेबल दिसते. खाली दुकानदाराने लिहिले आहे, "२६० लिटर, थ्री स्टार, २७,५०० रुपये, घरपोच." आई "ठीक आहे, पाठवा" म्हणते आणि ५,००० रुपये यूपीआयने भरते. ८ तारखेला टेम्पो येतो. उरलेले २२,५०० रुपये ड्रायव्हरकडे रोख दिले जातात. बिलावर फक्त "फ्रीज, १ नग" एवढेच.

संध्याकाळी मुलगा खोका उघडतो. लेबलवर दोनच तारे. आतल्या पट्टीवर क्षमता २३६ लिटर. फोन केला तर दुकानदार म्हणतो, "अहो, ते मॉडेल संपलं. हे पण त्याच कंपनीचं, नवीन आहे. काय फरक पडत नाही."

फरक पडतो. जागा कमी, वीज जास्त आणि किंमत मात्र मोठ्या फ्रीजची.

आधी खात्री : मॉडेल वेगळे आहे हे कसे ओळखायचे

"फोटोसारखा दिसत नाही" एवढ्यावर तक्रार टिकत नाही. फोटोत रंग थोडा वेगळा दिसू शकतो, हँडल दुसऱ्या बाजूने काढलेले असू शकते. तक्रार उभी राहते ती मॉडेल नंबरावर. तो तीन ठिकाणी सापडतो : खोक्यावरच्या स्टिकरवर, यंत्रावर चिकटवलेल्या पट्टीवर (फ्रीजमध्ये ती बहुधा आतल्या भिंतीवर किंवा मागे असते) आणि ताऱ्यांच्या लेबलवर. ताऱ्यांच्या लेबलवर मॉडेलबरोबर वर्षाला किती युनिट वीज लागते तेही छापलेले असते. ही तिन्ही ठिकाणे आणि बिल, अशी चार नोंदी एकमेकांशी लावून बघायच्या.

मॉडेल नंबर हा अक्षरे आणि आकड्यांचा लांबलचक असतो आणि शेवटचे एखादे अक्षर बदलले तरी वस्तू बदलते. म्हणून तो पूर्ण उतरवून घ्यावा, अर्धवट नाही. कधी कधी शेवटचे अक्षर फक्त रंग दाखवते. तेवढाच फरक असेल आणि रंग ठरवून मागितला नसेल, तर भांडण्यात अर्थ नाही. आपल्या उदाहरणात लिटर आणि तारे दोन्ही बदलले आहेत, म्हणजे वस्तूच दुसरी आहे.

खोका उघडण्यापूर्वीचा, उघडतानाचा आणि पट्टीचा, असे फोटो त्याच दिवशी काढावेत. दुकानदाराचा मूळ संदेश फोनमधून पुसू नये. स्क्रीनशॉट घ्यावा, त्यात तारीख आणि नंबर दिसावा, पण मूळ चॅटही ठेवावी. दुकानदार फोटो स्टेटसला टाकत असेल तर तो २४ तासांत जातो, म्हणून ऑर्डर देतानाच तो जपून ठेवावा. "डिसअपिअरिंग" संदेश चालू असतील तर ते बंद करावेत.

घाई का हवी : गप्प राहणे म्हणजे स्वीकारणे

इथे १९३० चा जुना मालविक्री कायदा आजही कामाला येतो. त्याचे म्हणणे साधे आहे. वर्णन करून विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणेच असली पाहिजे. नसेल तर ग्राहक ती नाकारू शकतो. न बघता घेतलेली वस्तू तपासायला ग्राहकाला पुरेशी संधी मिळालीच पाहिजे. म्हणजे टेम्पोतून उतरवून घेतली, पैसे दिले, एवढ्यानेच वस्तू "स्वीकारली" असे होत नाही.

पण त्याच कायद्यात पुढची गोष्टही आहे. नाकारतो असे न कळवता वस्तू वाजवी काळापेक्षा जास्त ठेवून घेतली, किंवा ती आपलीच असल्यासारखी वापरली, तर ती स्वीकारली असे धरले जाते. वाजवी काळ म्हणजे नेमके किती दिवस, ते कायद्याने आकड्यात बांधलेले नाही. वस्तू आणि परिस्थिती बघून ते ठरते. म्हणून एकदोन दिवसांत कळवणे हेच शहाणपण.

एकदा स्वीकारली असे ठरले की वस्तू परत करून पूर्ण पैसे मागण्याचा मार्ग सहसा बंद होतो. मग उरते ती भरपाई, म्हणजे साधारणपणे दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक आणि झालेले नुकसान. तेही कमी नाही, पण ते दुसरे भांडण झाले. म्हणून आमचे सांगणे आहे की पत्र जाईपर्यंत फ्रीज चालू करू नये, कंपनीच्या माणसाला बसवायला बोलावू नये आणि वॉरंटी कार्डाची नोंदणी करू नये.

एक दिलासाही आहे. वस्तू नाकारली म्हणून ती उचलून म्हापशाला नेऊन देण्याचे बंधन ग्राहकावर नाही. वेगळे काही ठरले नसेल तर "मी ही वस्तू नाकारत आहे" एवढे कळवणे पुरेसे आहे. नेणे हे दुकानदाराचे काम. आपण ती नीट झाकून सांभाळून ठेवायची. आणि त्याचा माणूस न्यायला आला तर मॉडेल नंबर आणि तारीख लिहिलेली पोच घेतल्याशिवाय वस्तू सोडायची नाही. वस्तूही गेली, पैसेही अडकले आणि हातात कागद नाही, ही सर्वांत वाईट अवस्था.

पत्र कोणाला? कंपनीला की दुकानाला?

पुष्कळ लोक रागाने थेट कंपनीला लिहितात. गोव्यातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेले एक प्रकरण इथे समजून घेण्यासारखे आहे. तिथल्या एका ग्राहकाने २०११ च्या मॉडेलच्या टाटा गाडीचे पैसे भरले होते. विक्रेत्याने दिली ती २००९ ची, तीही आधीच ६२२ किलोमीटर चाललेली. ग्राहकाने गाडी बदलून द्या किंवा पैसे परत द्या म्हणून मागणी केली आणि पुढे ग्राहक मंचात गेला. तिथून राज्य आणि राष्ट्रीय आयोगापर्यंत निकाल त्याच्या बाजूने लागले. कंपनीलाही जबाबदार धरले होते, म्हणून टाटा मोटर्स सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले की, जुनी गाडी नवीन म्हणून देण्याचे काम विक्रेत्याचे होते. कंपनी आणि विक्रेता यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते आणि कंपनीला त्या व्यवहाराची माहिती होती असे सिद्ध झाले नव्हते. कंपनी सुटली.

आपल्याला यातून घ्यायचे ते एवढेच. फ्रीज बिघडलेला निघाला तर कंपनीला मध्ये घेता येते. पण एक दाखवून दुसरे दिले, ही चूक ज्याने पैसे घेतले आणि माल पाठवला त्याची आहे. पत्र त्याच्याच नावाने, बिलावर छापलेल्या पत्त्यावर जावे. "कंपनीकडे जा" हे दुकानदाराचे उत्तर इथे लागू होत नाही.

पत्रात काय असावे

चांगल्या तक्रारपत्राला चार कामे करायची असतात : काय ठरले ते सांगणे, काय आले ते सांगणे, वस्तू नाकारल्याचे स्पष्ट लिहिणे आणि एक मागणी तारखेसह करणे. राग, शिव्या, "तुम्ही लुटारू आहात", "सोशल मीडियावर बदनाम करू" यातले काही नको. हे पत्र उद्या आयोगासमोर आपलाच पुरावा म्हणून वाचले जाणार असते. आमच्या उदाहरणातील आईचे पत्र असे होईल :

> दिनांक : १० नोव्हेंबर २०२५
> प्रति, मालक, (दुकानाचे नाव व बिलावरील पत्ता), म्हापसा, गोवा
>
> विषय : दाखवलेल्या मॉडेलऐवजी दुसरे मॉडेल दिल्याबद्दल, वस्तू नाकारून पैसे परत मागण्याबाबत
>
> महोदय,
>
> १. दि. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी आपण आपल्या दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवरून मला फ्रीजचा फोटो पाठवला. त्याखाली "२६० लिटर, थ्री स्टार, २७,५०० रुपये, घरपोच" असे लिहिले होते. त्यावर विश्वास ठेवून मी त्याच दिवशी ५,००० रुपये यूपीआयने भरले.
>
> २. दि. ८ नोव्हेंबर रोजी आपल्या टेम्पोने माझ्या बांदा येथील घरी फ्रीज आला. उरलेले २२,५०० रुपये मी आपल्या माणसाकडे रोख दिले. बिल क्रमांक ____.
>
> ३. त्याच संध्याकाळी खोका उघडला असता फ्रीज २३६ लिटरचा व टू स्टार असल्याचे आढळले. खोक्यावरील, पट्टीवरील व लेबलवरील मॉडेल नंबर ____ असा आहे. फोटोतील मॉडेलचा नंबर ____ असा आहे. मॉडेल बदलण्याबाबत आपण मला आधी विचारले नाही व मी संमती दिली नाही. त्याच दिवशी फोनवर बोलताना आपण आधीचे मॉडेल संपल्याचे मान्य केले.
>
> ४. ही वस्तू ठरलेल्या वर्णनाची नसल्याने मी ती नाकारत आहे. फ्रीज चालू केलेला नाही. तो मूळ खोक्यासह माझ्या घरी सांभाळून ठेवला आहे. आपण आधी कळवून तो आपल्या खर्चाने नेऊ शकता.
>
> ५. मला २७,५०० रुपये परत द्यावेत. फोटोतील मॉडेल आपण २५ नोव्हेंबर २०२५ पर्यंत त्याच किमतीत घरपोच दिल्यास तेही मला मान्य आहे. या तारखेपर्यंत दोन्हींपैकी काही न झाल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.
>
> सोबत : चॅटचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची नोंद, बिलाची प्रत, खोका, पट्टी व लेबल यांचे फोटो.
>
> आपली, (सही, नाव, पूर्ण पत्ता, फोन)

फोटोतील मॉडेलचा नंबर माहीत नसेल तर ती ओळ गाळून लिटर आणि तारे यांच्यावरच भर द्यावा. अंदाजाने नंबर लिहू नये, कारण एक चुकीचा नंबर पूर्ण पत्राला कमजोर करतो. चौथा परिच्छेद मात्र कधीच गाळू नये. "नाकारत आहे" हा शब्द नसलेले पत्र ही फक्त नाराजी असते.

पाचव्या परिच्छेदातल्या तारखेकडेही बघा. "लवकरात लवकर" असे लिहिले की कोणाचेच काही बिघडत नाही. तारीख लिहिली की ती उलटल्यावर पुढचे पाऊल उचलता येते. निकाहाचा दिवस जवळ असेल तर पंधराऐवजी सात दिवसांची मुदत दिली तरी चालते, पण कारण पत्रातच लिहावे.

पत्राच्या दोन प्रती काढाव्यात, एक आपल्याजवळ ठेवावी. बांद्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवावे. जुने रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे. पावती जपावी आणि पत्र पोहोचल्याची नोंद काढून ठेवावी. त्याच दिवशी पत्राचा फोटो दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकावा, म्हणजे पोस्टाला दोन दिवस लागले तरी नकार वेळेत कळवला गेला हे दिसते.

दुकानदाराची ठरलेली उत्तरे

"फोटो फक्त नमुन्याचा असतो." रंगाच्या छटेसाठी हे म्हणणे एक वेळ ठीक. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथेची जी यादी आहे, तिच्यात वस्तू अमुक दर्जाची, अमुक प्रतीची किंवा अमुक मॉडेलची आहे असे खोटे भासवणे हे सुरुवातीलाच येते. मॉडेल हा शब्द कायद्यातच आहे. शिवाय वस्तूतील "दोष" ठरवताना विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेला दावा धरला जातो. व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो आणि त्याखालची ओळ हा दावाच आहे.

"विकलेला माल परत घेतला जात नाही." बिलाच्या तळाशी छापलेली ही ओळ आपण ऑर्डर केलेल्या मालाबद्दल असू शकते. इथे तर ठरलेला माल आलेलाच नाही.

"बिलावर कुठे मॉडेल लिहिलंय?" हा खरा कमकुवत दुवा आहे. "फ्रीज, १ नग" अशा बिलाने दुकानदाराला पळवाट मिळते. म्हणून पैसे देतानाच मॉडेल आणि सिरियल नंबर लिहिलेले बिल मागावे. बिल न देणे हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथा आहे. बिल मोघम असेल तर मग सगळा भार चॅटवर येतो, म्हणून ती जपायची. टेम्पोवाला "माल तपासून मिळाला" अशा कागदावर सही मागतो, तेव्हा सहीच्या वर "खोका बंद स्थितीत मिळाला, मॉडेल तपासणे बाकी" एवढे हाताने लिहावे.

खरेदी एखाद्या मोठ्या ऑनलाइन बाजारातून झाली असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा आधार आहे. जाहिरातीत दाखवलेल्या वैशिष्ट्यांची वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. त्या संकेतस्थळाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. पत्राचा मजकूर तोच, फक्त वर ऑर्डर क्रमांक घालायचा.

दुकान गोव्यात, तक्रार कुठे?

पत्राला उत्तर आले नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवावी. फोन फुकट आहे. ते दुकानदाराशी बोलून तडजोड घडवायचा प्रयत्न करतात, पण हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नाही.

हुकूम देतो तो जिल्हा ग्राहक आयोग. बांद्याच्या लोकांसाठी महत्त्वाची गोष्ट ही की १९८६ च्या जुन्या कायद्यात फक्त आपण तिथे राहतो म्हणून आपल्या जिल्ह्यात तक्रार करता येत नसे. दुकानदार जिथे धंदा करतो किंवा व्यवहार जिथे घडला, ते ठिकाण बघावे लागे. २० जुलै २०२० पासून २०१९ चा कायदा लागू झाला आणि ग्राहक स्वतः जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथेही तक्रार दाखल करता येऊ लागली. म्हणजे म्हापशाच्या दुकानाविरुद्ध तक्रार सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा आयोगात करता येते, त्यासाठी गोव्यात हेलपाटे नकोत.

वस्तूची दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. अर्ज e-jagriti.gov.in वरून घरबसल्याही करता येतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची, पण वर सांगितल्याप्रमाणे नकार मात्र पहिल्या दिवसांतच कळवलेला असावा. वस्तू धंद्यासाठी घेतली असेल तर ग्राहक म्हणून हक्क मिळत नाही. पण घरी शिलाई करून पोट भरणाऱ्या बहिणीने स्वतःसाठी मशीन घेतली असेल, तर ती ग्राहकच.

आयोगात किती वेळ लागेल? कायदा म्हणतो, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी नको असेल तर शक्यतो तीन महिने. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागू शकतात, हे मनात धरूनच जावे. म्हणून दुकानदार पत्रानंतर योग्य मॉडेल द्यायला किंवा किमतीतला फरक परत करायला तयार झाला आणि ते आपल्याला परवडत असेल, तर मान्य करण्यात कमीपणा नाही. फक्त ती तडजोडही कागदावर घ्यावी : कोणते मॉडेल, किती रुपये, कोणत्या तारखेला, आणि खाली दोघांच्या सह्या. पैसे यूपीआयने आले तर उत्तम, त्याची नोंद आपोआप राहते.